स्काउटला जे कळलं नाही

1957 साली लिपिनकॉट या अमेरिकन प्रकाशनसंस्थेकडे अलाबामा राज्यातून आलेल्या एका तरुण लेखिकेचं हस्तलिखित आलं. लेखिकेचं नाव हार्पर ली आणि हस्तलिखिताचं 'गो सेट अ वॉचमन'. सव्वीस वर्षांची जीन लुईझ न्यू यॉर्कहून मेकोम या आपल्या गावी परत येते आणि ज्या वकील वडिलांना तिने आयुष्यभर देव मानलं, ते वंशभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या बैठकीत बसलेले तिला दिसतात, अशी ही गोष्ट. निवेदन तृतीयपुरुषी होतं. नायिका शिकलेली होती, जग पाहून आलेली होती, आणि तिला दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत तयार होतं. टे होहॉफ या संपादिकेला मात्र हस्तलिखितातल्या मोठ्या वादांपेक्षा मधूनमधून येणाऱ्या बालपणीच्या आठवणी अधिक जिवंत वाटल्या. गोष्ट त्या लहान मुलीकडूनच सांगावी, असं तिने हार्पर लीला सुचवलं. पुढची दोनेक वर्षं पुनर्लेखनात गेली आणि जुलै 1960 मध्ये 'टू किल अ मॉकिंगबर्ड' प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. मूळचं 'वॉचमन' थेट 2015 मध्ये छापलं गेलं, आणि त्यामुळे एरवी क्वचितच मिळणारी संधी वाचकांना मिळाली. तीच लेखिका, तेच गाव, तेच वडील आणि तोच वर्णद्वेष. निवेदक मात्र एकदा मोठा आणि एकदा लहान. दोन पुस्तकं शेजारी ठेवली, की लहान मुलाच्या अपुऱ्या समजेतून साहित्यात नेमकं काय घडतं, ते लख्ख दिसतं.

'वॉचमन'मध्ये जीन लुईझला जे दिसतं त्याचा अर्थ तीच आपल्याला सांगते. ती चिडते, वाद घालते, निष्कर्ष काढते, आणि वाचक तिच्या मतांना मान डोलावतो किंवा नकार देतो. 'मॉकिंगबर्ड'मधली स्काउट, म्हणजे तीच जीन लुईझ, सुरुवातीला सहा वर्षांचीही नाही आणि गोष्ट संपते तेव्हा नऊच्या आत आहे. तिला सगळं दिसतं, पण बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागत नाही. तो अर्थ लावायचं काम वाचकावर येऊन पडतं. निष्कर्ष आपण स्वतः काढलेला असल्यामुळे तो कुणी सांगितलेल्या निष्कर्षापेक्षा खोल रुतून बसतो.

यातली सगळ्यात छोटी आणि सगळ्यात सुंदर जागा म्हणजे झाडाच्या ढोलीची गोष्ट. फिंच कुटुंबाच्या घराजवळ रॅडलींचं घर आहे. त्या घरातला बू नावाचा माणूस वर्षानुवर्षं बाहेर पडलेला नाही. तो साडेसहा फूट उंच आहे, खारी आणि मांजरं कच्ची खातो, अशा कथा मुलांनी ऐकलेल्या आणि स्वतः वाढवलेल्या आहेत. शाळेतून घरी येताना स्काउटला रॅडलींच्या कुंपणालगतच्या ओकच्या ढोलीत काहीतरी चमकताना दिसतं. च्युइंगमच्या दोन कांड्या असतात. पुढे तिथेच एका डबीत जुनी दोन नाणी मिळतात, मग सुतळीचा गुंडा, साबणातून कोरलेली एका मुलाची आणि एका मुलीची बाहुली, एक जुनं पदक, एक बंद पडलेलं घड्याळ. स्काउट आणि तिचा मोठा भाऊ जेम तर्क करत राहतात, की ही कुणाची तरी लपवायची जागा असेल. शेवटी ठेवणाऱ्याचे आभार मानायला ती दोघं चिठ्ठी लिहितात. चिठ्ठी टाकायला जातात, तर ढोल सिमेंटने बुजवलेली असते. बूचा भाऊ नेथन रॅडली म्हणतो, झाड मरायला लागलंय, म्हणून भरली. जेम वडिलांना विचारतो, झाड मरतंय का? ॲटिकस झाडाची हिरवीगार पानं पाहून सांगतात, झाड तर ठणठणीत आहे. नेथन काय म्हणाला हे कळल्यावर मात्र ते म्हणतात, त्याचं झाड त्याला जास्त माहीत असणार. त्या संध्याकाळी जेम अंधार पडेपर्यंत ओसरीवर एकटाच थांबतो. तो आत येतो तेव्हा स्काउटला त्याच्या चेहऱ्यावर रडल्याच्या खुणा दिसतात, आणि तिला नवल एवढ्याचंच वाटतं, की रडण्याचा आवाज कसा आला नाही.

प्रकरण इथेच संपतं. एका एकाकी माणसाने मुलांशी जोडलेला नाजूक धागा त्याच्या भावाने जाणूनबुजून तोडला, आणि हे आयुष्यात पहिल्यांदा कळल्यामुळे एक मुलगा रडला, असं लेखिका कुठेही म्हणत नाही. तिने आपल्याला दिलं ते एवढंच: बुजलेली ढोल, हिरवी पानं, नेथनचं उत्तर आणि जेमचा मळका चेहरा. या गोष्टी जोडणारी ओळ आपण मनात लिहितो. त्यातही एक बारकावा आहे. जेम अकराच्या आसपास आहे, स्काउट सात वर्षांची. जेमला कळलेलं आहे, स्काउटला नाही. म्हणजे इथे समजेच्या तीन पायऱ्या आहेत: काहीच न उमगलेली बहीण, उमगूनही बोलू न शकणारा भाऊ आणि दोघांकडे पाहणारा वाचक. जेम नसता तर वाचकाला हा अर्थ इतक्या खात्रीने लागला नसता. बालनिवेदक वापरणारे चांगले लेखक असा एखादा अर्धा पाऊल पुढे असलेला सोबती जवळ ठेवतात. त्याच्या वागण्यातून अर्थाची खूण मिळते आणि निवेदकाची समज होती तेवढीच राहते.

या जागेवरून तंत्राचा पाया लक्षात येतो. मुलाची समज अपुरी असली तरी त्याची नजर अपुरी असून चालत नाही. उलट ती मोठ्यांपेक्षा तल्लख लागते. कोणती गोष्ट महत्त्वाची आणि कोणती बिनमहत्त्वाची हे मुलाला ठाऊक नसतं, म्हणून ते सगळंच टिपतं: बाहीची बटणं, बोटांची हालचाल, दारूचा वास. मोठा माणूस एखाद्या प्रसंगाला चटकन नाव देतो आणि नाव दिलं की तपशील पुसट होतात. मुलाकडे नाव नसतं, त्यामुळे तपशील शाबूत राहतात. त्यांच्यावर मूल आपल्या अनुभवाच्या बळावर एक चुकीचं पण त्याच्या जगात तर्कशुद्ध स्पष्टीकरण चिकटवतं. वाचकाकडे मात्र मुलाकडे नसलेलं ज्ञान असतं. अचूक तपशील, मुलाचं स्वतःचं स्पष्टीकरण आणि वाचकाचं ज्ञान या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच दिसणं आणि असणं यांतली फट उघडते.

याचा कस लागतो तुरुंगासमोरच्या प्रसंगात. साल 1935. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय तरुणावर गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा खोटा आरोप आहे आणि कोर्टाने नेमलेले वकील म्हणून ॲटिकस त्याचा बचाव करणार आहेत. खटल्याच्या आदल्या रात्री ते लांब वायरीचा दिवा बरोबर घेऊन तुरुंगाच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात. जेम, स्काउट आणि त्यांचा मित्र डिल चोरून मागोमाग येतात आणि आडोशाला उभे राहतात. चार मोटारी येऊन थांबतात, माणसं उतरतात. त्या काळातल्या अमेरिकेच्या दक्षिणेत अशा रात्री कशासाठी असत हे वाचकाला ठाऊक आहे. माणसांना कैदी हवा आहे, आणि तो मिळाला तर सकाळपर्यंत जिवंत राहणार नाही. स्काउटच्या डोक्यात हा शब्दच नाही. बाबांना काहीतरी मजेशीर प्रसंग घडणार आहे असं वाटून ती उत्साहाने धावत घोळक्यात शिरते.

आता ती काय पाहते ते बघा. शिळ्या दारूचा आणि डुकरांच्या गोठ्याचा वास. सगळे चेहरे अनोळखी. उन्हाळ्याची रात्र असूनही त्या माणसांच्या बाह्या खाली सोडलेल्या आणि मनगटाशी बटणं लावलेली, काहींच्या हॅट कानांवर ओढलेल्या. स्काउट मनाशी म्हणते, यांना थंडी फार वाजत असणार. हेच ते मुलाचं स्पष्टीकरण. निरीक्षण पूर्णपणे खरं, निष्कर्ष पूर्णपणे चूक, आणि चुकीला तिचं स्वतःचं कारण. ओळख लपवून एखादं काम करायला आलेली माणसं ती बघते आहे. त्याच वेळी ॲटिकस खुर्चीतून म्हाताऱ्यासारखे सावकाश उठतात. हातातला पेपर फार काळजीपूर्वक घडी घालून ठेवतात, आणि त्यांची बोटं किंचित थरथरत असतात. 'ॲटिकस घाबरले' हे वाक्य प्रौढ निवेदकाने लिहिलं असतं तर आपण वाचून पुढे गेलो असतो. इथे घडी घालणारी बोटं आपल्याला थांबवतात.

मग एक माणूस जेमची कॉलर धरतो. स्काउट त्याला लाथ मारते, आणि घोळक्यात ओळखीचा चेहरा शोधू लागते. तिला वॉल्टर कनिंगहॅम सापडतात. ते गरीब शेतकरी आहेत. जमिनीच्या वारसाहक्काच्या तिढ्यात त्यांना ॲटिकसचा सल्ला लागला, आणि पैसे नसल्यामुळे त्यांनी फी म्हणून सरपण, अक्रोडासारखी फळं आणि भाजी आणून दिली. त्यांचा मुलगा स्काउटच्या वर्गात आहे आणि एकदा तिच्या घरी जेवूनही गेला आहे. समोरच्याला ज्यात रस असेल त्या विषयावर बोलावं, ही ॲटिकसची शिकवण तिला आठवते. म्हणून ती त्यांना जमिनीच्या तिढ्याचं काय झालं ते विचारते. उत्तर येत नाही, म्हणून ती त्यांच्या मुलाबद्दल बोलायला लागते. तो चांगला मुलगा आहे, आमच्याकडे जेवायला आला होता, त्याला माझा नमस्कार सांगा. सगळे तिच्याकडे बघत राहतात. तिला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं, आणि तिच्या केसांच्या कडेला घाम जमतो. शेवटी कनिंगहॅम खाली बसतात, तिचे खांदे धरतात, निरोप सांगेन म्हणतात, आणि उठून सगळ्यांना निघायला सांगतात. मोटारी निघून जातात.

इथे फटीचं काम बदलतं. ढोलीच्या प्रसंगात ती फक्त वाचकासाठी होती. तुरुंगासमोर ती कथेच्या आतच घडामोड घडवते. स्काउटला समोरचा घोळका घोळका म्हणून दिसतच नाही. तिला त्यात एक ओळखीचे काका दिसतात, ज्यांना जमीन आहे, मुलगा आहे. तिला परिस्थिती कळली असती तर ती किंचाळली असती किंवा गयावया केली असती, आणि जमावाला या दोन्हींची सवय असते. वर्गमित्राच्या वडिलांची चौकशी मात्र त्या रात्री तिथे उभ्या असलेल्या कुणालाच पेलणारी नव्हती. आपण वडील आहोत, शेजारी आहोत, हे कनिंगहॅमना तिने आठवून दिलं, तेही आपण काय करतो आहोत याची कल्पना नसताना. पुढे याच घराण्याचा एक माणूस ज्यूरीत बसतो आणि सुरुवातीला टॉमच्या सुटकेच्या बाजूने अडून राहतो. टॉमला शिक्षा होतेच, पण ती धागा जोडणारी ओळ कादंबरीत आहे.

स्काउटला हे सगळं कधी कळतं, हेही पाहण्यासारखं आहे. त्याच रात्री अंथरुणात झोप लागता लागता तिला अर्थ उमगतो आणि ती रडू लागते. लेखिकेने हा उशीर मुद्दाम ठेवला आहे. प्रसंगाच्या ऐन मध्यावर समज आली असती तर प्रसंग मोडला असता, आणि ती कधीच आली नसती तर स्काउट केवळ एक साधन उरली असती.

इथे एक शंका रास्त आहे. सहा-आठ वर्षांची मुलगी इतकी घडीव वाक्यं कशी बोलेल? याचं उत्तर असं, की भाषा मोठ्या झालेल्या स्काउटची आहे, माहिती मात्र लहान स्काउटची. मोठी स्काउट आपली शब्दसंपत्ती लहानीला उधार देते, पण आपलं शहाणपण देत नाही. हे किती अवघड आहे ते आपल्याकडच्या एका पुस्तकाशी तुलना केली की कळतं. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्येही मोठा झालेला श्याम बालपण सांगतो. पण त्याला आईने दिलेला संस्कार मित्रांपर्यंत पोचवायचा आहे, म्हणून तो प्रसंगासोबत अर्थही हातात ठेवतो. आंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून जपतोस तसं मन मळू नये म्हणूनही जप, हे आई तिथेच सांगते. तिथे फट नाही, कारण त्या कथनाला ती नकोच आहे. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला लंपन याच्या अगदी उलट. आई-वडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा आपल्याच बोलीत बोलतो. त्याच्या मनातला सल आपल्याला कळतो तो त्याने कशाकशाकडे लक्ष दिलं यावरून.

फक्त मुलाच्याच भाषेत राहायचं तर काय करावं लागतं, याचं टोकाचं उदाहरण एमा डोनह्यू यांच्या 2010 च्या 'रूम' या कादंबरीत आहे. पाच वर्षांचा जॅक एका बंद खोलीत जन्मला आहे. त्याच्या आईला पळवून तिथे कोंडलेलं आहे, आणि तो नराधम रात्री येतो तेव्हा आई जॅकला कपाटात झोपवते. जॅक आतून पलंगाची करकर मोजतो. त्याला अंक आवडतात म्हणून तो मोजतो. या मोजण्याखाली काय आहे ते सहन करायचं काम पूर्णपणे वाचकाचं. वर्णनाची एकही ओळ न लिहिता लेखिकेने अत्याचार दाखवला, आणि त्या आईची अब्रूही राखली.

हे तंत्र फसतंही, आणि फसलेलं ओळखता येतं. पहिली चूक, मूल लेखकाचा निरोप्या होतं. ते अशा वेळी अचूक सुभाषित बोलतं, की बोलणारा कोण ते कळतं. दुसरी चूक याहून गंभीर. मुलाला जे कळायलाच हवं तेही त्याच्यापासून लपवलं जातं. जॉन बॉइन यांच्या 2006 च्या 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' या कादंबरीत निवेदन तृतीयपुरुषी असलं तरी ते नऊ वर्षांच्या ब्रूनोच्या नजरेला बांधलेलं आहे. त्याचे वडील नाझी छळछावणीचे प्रमुख आहेत. तारेपलीकडची माणसं कोण, ती एकसारखे पट्ट्यांचे कपडे का घालतात, हे ब्रूनोला शेवटपर्यंत कळत नाही. पण त्या वर्षांतल्या जर्मनीत वंशद्वेष शाळेच्या धड्यांतून शिकवला जात होता, आणि अशा बापाचा मुलगा त्यापासून अस्पर्श राहणं शक्य नव्हतं. आउश्वित्झच्या स्मारक-संग्रहालयाने 2020 मध्ये जाहीरपणे म्हटलं, की या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी आणि तो शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं. स्काउट आणि ब्रूनो यांच्यातला फरक असा, की स्काउटचं अज्ञान तिच्या वयातून येतं आणि ब्रूनोचं कथानकाच्या गरजेतून. वाचताना एक प्रश्न मनात ठेवला तर हा फरक हाताला लागतो: या वयाच्या, या घरातल्या मुलाला हे खरंच माहीत नसेल का?

स्काउटच्या नजरेलाही एक मर्यादा आहे, आणि ती पुस्तकाचीच मर्यादा ठरली आहे. ती गोऱ्या वकिलाची मुलगी. घर सांभाळणाऱ्या कॅल्पर्नियाबरोबर ती एकदा कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जाते, तेव्हा कॅल्पर्निया आपल्या माणसांत वेगळ्या ढंगाने बोलते हे तिच्या पहिल्यांदा लक्षात येतं. कॅल्पर्नियाला आपल्या घराबाहेर एक अख्खं आयुष्य आहे, हा शोध तिला लागतो, आणि पुस्तक तिथूनच परत फिरतं. टॉम रॉबिन्सनच्या घरात काय चाललंय, त्याची बायको-मुलं रात्री काय बोलतात, ते आपल्याला कळत नाही, कारण स्काउट तिथे नसते. अनेक वाचकांनी आणि समीक्षकांनी हा आक्षेप घेतला आहे आणि तो योग्य आहे. बालनिवेदक निवडला की त्याला कुठे प्रवेश आहे आणि कुठे नाही, हेही लेखक निवडत असतो. मुलाला कळलं नाही ते वाचक भरून काढू शकतो. मुलाने पाहिलंच नाही ते कुणालाच भरून काढता येत नाही.

स्काउटची समज शेवटी कुठे पोचते ते पाहिलं, की हार्पर लीने ही फट किती विचारपूर्वक आखली होती ते ध्यानात येतं. हॅलोविनच्या रात्री बॉब यूएल मुलांवर हल्ला करतो. बू रॅडली त्यांना वाचवतो आणि त्या झटापटीत यूएल सुरीने मरतो. शेरिफ हेक टेट ठासून सांगतात, की यूएल स्वतःच्याच सुरीवर पडला. ॲटिकसना वाटतं, टेट जेमला पाठीशी घालतायत, आणि ते बराच वेळ हट्टाने वाद घालतात. टेट ज्याला वाचवतायत तो माणूस अंधाऱ्या ओसरीत बसलेला आहे, हे गावातल्या सगळ्यात शहाण्या माणसाच्या ध्यानात येत नाही. वाद संपल्यावर ते मुलीला विचारतात, तुला हे समजू शकेल का? ती हो म्हणते. बूला जगापुढे उभं करणं म्हणजे मॉकिंगबर्ड मारण्यासारखं होईल, असं ती सांगते. कुणाला काही त्रास न देता गाणाऱ्या त्या पक्ष्याला मारणं पाप आहे, हे तिला वडिलांनीच शिकवलेलं असतं. आता ती ते वडिलांना समजावते.

या क्षणी तिच्या हाती कोणतीही नवी माहिती आलेली नाही. ढोलीतल्या वस्तू, कुंपणावर नीट घडी करून ठेवलेली जेमची फाटकी पँट आणि तिच्यावरची ओबडधोबड शिवण, रॅडलींच्या घरातून एकदा ऐकू आलेलं हसणं, आगीच्या रात्री नकळत खांद्यावर टाकलेलं ब्लँकेट, हे सगळं तिने आधीच पाहिलं आणि ऐकलं होतं. ते तिने आपल्याला जसंच्या तसं सांगितलंही होतं. म्हणून पुस्तक दुसऱ्यांदा वाचायला घेतलं, तर पहिल्याच प्रकरणांत बूचा जिव्हाळा उघड्यावर पडलेला दिसतो. लेखिकेने आपल्यापासून काहीच लपवलेलं नव्हतं. तिने फक्त अशा मुलीला बोलू दिलं, जिला अजून कशालाच लगेच नाव देता येत नव्हतं.